गुडघा बदललेल्या पेशंटच्या हातात आपण जो कागद देतो, त्याबद्दल

मराठवाड्यातल्या हाडांच्या दवाखान्यांचे फिजिओथेरपी विभाग, फिजिओथेरपी कॉलेजांतले शिक्षक आणि गावोगावी जाऊन व्यायाम देणारे माझे सहकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं की काही दिवसांत पेशंटला घरी सोडतात. निघताना फाइलमध्ये औषधांच्या चिठ्ठीसोबत घरी करायच्या व्यायामांचा एक कागद असतो. लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन झालेला माणूस परत जातो औसा, किनवट नाहीतर सिल्लोड तालुक्यातल्या आपल्या गावी. तिथे रोज फिजिओ येत नाही. टाके काढायला एकदा गाडी करून यायचं, एवढंच ठरलेलं असतं. मधले सगळे दिवस त्या गुडघ्याला वळण लावायचं काम तो कागद करतो. माझी विनंती त्या कागदाबद्दल आहे: तो नव्याने लिहा. नुसतं भाषांतर करून भागणार नाही, कारण मराठीत असलेले कागदही मी पाहिलेत आणि त्यांनीही पेशंटचं काम होत नाही.

हवेत बोलण्यापेक्षा एकच कागद घेते. औसा तालुक्यातल्या एक मावशी, वय पासष्टच्या पुढे, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण असा कागद आपल्याकडे जवळपास सगळीकडे मिळतो. त्यावर असं होतं: "अँकल पंप. स्टॅटिक क्वाड्स (गुडघा खाली दाबणे), १० × ३, होल्ड ५ सेकंद. हील स्लाइड, १० × ३. गुडघ्याखाली टॉवेल ठेवून पाय सरळ करणे, १० × ३. एसएलआर, १० × ३. गुडघ्याखाली उशी घेऊ नये. काही त्रास झाल्यास संपर्क साधावा." एकूण सात ओळी. त्यातली एकही चुकीची नाही. एखाद्या फिजिओने दुसऱ्या फिजिओला पाठवला असता, तर हाच कागद पुरेसा होता.

मी घरी गेले तेव्हा मावशींना म्हटलं, रोज करता तसं करून दाखवा. मावशी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केला, दोन्ही तळवे गुडघ्याच्या वाटीवर ठेवले आणि अंगातला सगळा जोर लावून गुडघा खाली दाबला. टाक्यांवरच. दात आवळलेले, श्वास कोंडलेला. नववीतला नातू शेजारी कागद धरून मोजत होता. मी थांबवलं तर म्हणाल्या, "लिहिलंय तसंच करायलेय की ताई. गुडघा खाली दाबणे."

त्यांचं बरोबर होतं. कागदावर तेच लिहिलं होतं. गुडघा कशाने दाबायचा हे कुठेच नव्हतं. आपल्या डोक्यात 'मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, म्हणजे गुडघ्याची मागची बाजू आपोआप गादीला टेकते' हे इतकं पक्कं बसलंय की 'गुडघा खाली दाबणे' वाचलं की आपल्याला मांडीच दिसते. पेशंटला दिसतो गुडघा, आणि दाबायला असतात हात.

ही ओळ आम्ही तिथेच बसून पुन्हा लिहिली. ती अशी झाली:

"पलंगावर उताणे झोपा. दोन्ही पाय सरळ ठेवा. हात पोटावर ठेवा, गुडघ्याला हात लावू नका. आता उजव्या पायाचा पंजा तोंडाकडे ओढा आणि मांडी घट्ट आवळा. मांडी आवळली की गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकेल आणि गुडघ्याची वाटी थोडी मांडीकडे सरकलेली दिसेल. पाच मोजेपर्यंत तसंच धरा. मग मांडी पूर्ण सैल सोडा. मोजताना तोंडाने मोठ्याने मोजा."

एका ओळीच्या जागी इतकी वाक्यं आली, म्हणून कुणी नाक मुरडेल. पण यातलं प्रत्येक वाक्य कुठली तरी चूक अडवायला बसलंय. सुरुवातीला शरीर कसं असावं ते सांगितलं नाही, तर कुणी बसून करतं, कुणी खुर्चीत. हात कुठे ठेवायचे ते सांगितलं नाही, तर काय होतं ते वर आलंच. वाटी सरकते ही खूण दिली की सून किंवा नातू शेजारून बघून सांगू शकतो, की व्यायाम होतोय की नुसता पाय ताठ केलाय. मांडीवर तळवा ठेवून पाहिलं तर स्नायू दगडासारखा लागला पाहिजे. मऊ लागला, तर पेशंट बहुधा कुल्ला उचलून टाच रेटतोय. मोठ्याने मोजायचं ते श्वासासाठी. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही, आणि ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांच्यासाठी हे फार गरजेचं आहे. "श्वास रोखू नये" असं लिहून काही होत नाही. जोर लावताना आपण श्वास धरलाय हे माणसाला कळतच नाही.

मावशींच्या घरी आणखी एक गोष्ट दिसली, जी आपल्या कुठल्याच छापील कागदावर नसते. दुपारी त्या ओसरीतल्या बाजेवर पडायच्या आणि दुपारचे व्यायाम तिथेच करायच्या. बाजेची सुंभं सैल पडलेली. मधे झोळ. अशा बाजेवर माणूस झोपला की कंबर खाली जाते, गुडघा वाकलेलाच राहतो, आणि मांडी कितीही आवळली तरी पाय सरळ होत नाही कारण खाली टेकायला काहीच नसतं. म्हणून पहिल्याच ओळीच्या आधी लिहा: "व्यायाम कडक पलंगावर किंवा दिवाणावर करा. बाजेवर करू नका. जमिनीवर अंथरूण घालून करू नका." जमिनीचं वेगळं सांगावं लागतं, कारण सतरंजीवर झोपणं आपल्याकडे नेहमीचं आहे, आणि नव्या गुडघ्याने पहिल्या आठवड्यांत जमिनीवर उतरणं आणि तिथून उठणं यातच पेशंट पडतो.

आता आकड्यांकडे येते. 'दहा गुणिले तीन' ही आपली लघुलिपी आहे. आपल्यापैकी काहीजण तिचा अर्थ 'एका बैठकीत दहाचे तीन गट, मधे विश्रांती' असा घेतात. काहीजण 'दहा वेळा, दिवसातून तीनदा' असा घेतात. एकाच विभागातल्या दोन फिजिओंना विचारून बघा. मग पेशंटने काय समजावं? मावशींनी सरळ गुणाकार केला. तीस. सकाळी घरातली माणसं उठायच्या आत चारही व्यायाम प्रत्येकी तीस एका दमात उरकायच्या, आणि मग दिवसभर काहीच नाही. संध्याकाळी गुडघा टरटरून फुगायचा, रात्री ठणकायचा, आणि दुसऱ्या दिवशी भीतीने सुट्टी. एक दिवस अतोनात, एक दिवस शून्य. गुडघा आखडायला याहून सोपी वाट नाही.

आकडा लिहिताना तीन गोष्टी वेगवेगळ्या शब्दांत सांगाव्या लागतात: एका वेळी किती, दिवसातून कधी कधी, आणि प्रत्येक वेळी किती धरून ठेवायचं. "सकाळी चहानंतर १० वेळा. दुपारी जेवणाआधी १० वेळा. संध्याकाळी दिवे लागल्यावर १० वेळा." असं लिहिलं की गुणाकाराला जागाच उरत नाही. घड्याळाची वेळ लिहू नका असं मी म्हणेन. शेतावरच्या घरात नऊ वाजता कोण कुठे असेल सांगता येत नाही, पण चहा, जेवण आणि दिवाबत्ती चुकत नाही. दुखण्याची गोळी चालू असेल तर ती घेतल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम, हेही तिथेच लिहा. नाहीतर पेशंट आधी व्यायाम करतो, कळ आली की गोळी घेतो, आणि व्यायाम म्हणजे कळ हे समीकरण डोक्यात बसतं.

पाच सेकंदांचंही तसंच. 'होल्ड ५ सेकंद' वाचून नातू "एकदोनतीनचारपाच" म्हणायचा आणि दीड सेकंदात आजी मोकळी. स्नायूला आवळायलाच तेवढा वेळ लागतो. मावशी माळकरी. त्यांना म्हटलं, एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल असं पाचापर्यंत शांतपणे म्हणा आणि मग सोडा. दुसऱ्या घरी दुसरं काही म्हणता येईल, ज्याच्या त्याच्या तोंडातलं. आकड्याला एक शब्द जोडला की सेकंद आपोआप खरा होतो, आणि मोठ्याने म्हणायचं असल्यामुळे श्वासही चालू राहतो.

'अँकल पंप'ला तर आकडाच नव्हता. हा एकच व्यायाम दिवसभर थोडाथोडा करायचा असतो, पोटरीतलं रक्त फिरतं राहावं म्हणून. मावशी फक्त बोटं हलवायच्या. त्याने पोटरीला काहीच होत नाही. म्हणून: "पूर्ण पंजा घोट्यातून तोंडाकडे ओढा, मग पूर्ण पुढे ढकला. पंजा ओढताना पोटरीला ताण जाणवला पाहिजे. जागे असाल तेव्हा दर तासाला १० वेळा." टाच सरकवण्याच्या व्यायामाला एक ओळ पुरली: पायात मोजा घाला किंवा टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवा, म्हणजे टाच चादरीत अडकत नाही. ओढ लागेपर्यंत टाच कुल्ल्याकडे सरकवा, पाच मोजा, परत सरळ करा. दुसऱ्या कुणी हाताने गुडघा रेटून वाकवायचा नाही.

आता त्या कागदावरच्या ज्या दोन ओळींनी सर्वांत जास्त नुकसान केलं, त्यांच्याबद्दल. एक ओळ सांगते, गुडघ्याखाली टॉवेल ठेवून पाय सरळ करा. दोन ओळींनंतरची सांगते, गुडघ्याखाली उशी घेऊ नका. आपल्याला यात काही खटकत नाही. टॉवेलची गुंडाळी व्यायामापुरती असते. तिच्यावर गुडघा टेकवून टाच उचलायची, मांडीच्या स्नायूला शेवटच्या थोड्या अंशांत ताकद यावी म्हणून. उशीची मनाई वेगळ्या कारणाने: गुडघा वाकलेल्या स्थितीत तासन्‌तास राहिला तर मागचा भाग आखडतो, मग पाय पूर्ण सरळ होत नाही आणि माणूस कायमचा लंगडत चालतो. पेशंटला मात्र एकच चित्र दिसतं, गुडघ्याखाली काहीतरी मऊ. एकदा ठेवा म्हणतात, एकदा ठेवू नका म्हणतात.

मावशींनी आपल्या परीने तोड काढली होती. उशी नाही, टॉवेल चालतो. गुंडाळी सकाळी गुडघ्याखाली जायची ती रात्रीपर्यंत तिथेच. बरंही वाटायचं, कारण ऑपरेशननंतर किंचित वाकलेला गुडघा सर्वांत कमी दुखतो. घरच्यांनीही मायेने गुंडाळी जाड केली होती. मी टाच गादीवर टेकवून पाहिलं तर गुडघ्यामागे माझी मूठ आरपार जात होती. नीट सरळ होणाऱ्या गुडघ्यामागे एवढी जागा राहत नाही.

हे वाक्य मी आता नेहमी असं लिहिते: "टॉवेलची गुंडाळी फक्त या एका व्यायामासाठी. दहा वेळा झालं की गुंडाळी काढा आणि टेबलावर ठेवा. झोपताना, टीव्ही बघताना, आराम करताना गुडघ्याखाली काहीही ठेवायचं नाही, टॉवेल नाही, उशी नाही, गोधडी नाही. आराम वाटला तरी नाही. त्याने पाय वाकडा राहतो." आणि लगेच पुढे: "आरामात पडले असताना गुंडाळी टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा मोकळा राहून स्वतःच्या वजनाने सरळ होईल. दिवसातून तीन वेळा, एका वेळी पाच मिनिटं. गुडघ्याच्या मागे ओढ लागेल, ती लागायलाच हवी." नुसतं 'ठेवू नका' म्हटलं तर पेशंट दुखण्यापुढे हरतो. त्या जागी काय करायचं ते दिलं, तर त्याला काहीतरी धरायला मिळतं. अगदी नवख्या पेशंटच्या कागदावरून गुडघ्याखालच्या गुंडाळीचा व्यायाम पहिले दोन आठवडे मी सरळ वगळते. मांडी आवळण्यातून आणि पाय उचलण्यातून तेवढं काम होतं, आणि गोंधळाचं मूळच जातं. काही सहकाऱ्यांना हे पटणार नाही. ज्या घरी रोज फिजिओ जातो, तिथे त्यांचं म्हणणं बरोबरही आहे.

सरळ पाय उचलण्याच्या व्यायामात एक अट लिहिणं फार गरजेचं आहे. "डावा पाय गुडघ्यात दुमडा. उजवी मांडी आधी आवळा. मग पाय सरळ ठेवूनच वीतभर उचला, जास्त नको. पाच मोजा, हळू खाली आणा. उचलताना गुडघा वाकत असेल तर हा व्यायाम थांबवा, दोन दिवस फक्त मांडी आवळण्याचा करा, मग पुन्हा बघा." वीतभर म्हटलं की कुणाला सेंटीमीटर विचारावे लागत नाहीत. पण शेवटची अट नसली तर पेशंट वाकलेल्या गुडघ्यानेच पाय उचलत राहतो. काम कमरेकडचे स्नायू करतात, मांडीचा पुढचा स्नायू झोपलेलाच राहतो, आणि महिन्याने आपण विचारतो, रोज करूनही ताकद का आली नाही?

आता "काही त्रास झाल्यास संपर्क साधावा" या ओळीबद्दल. ऑपरेशन झालेल्या माणसाला त्रास तर असतोच. कुठला त्रास नेहमीचा आणि कुठल्या त्रासाला गाडी काढायची, हे ठरवायचं ओझं ही ओळ पेशंटवर टाकते. मग एक तर रोज घाबरून फोन येतात, नाहीतर "एवढ्यासाठी डॉक्टरांना काय त्रास द्यायचा" म्हणून नको ते अंगावर काढलं जातं. आपल्या भागात हे दुसरंच जास्त.

म्हणून आधी नेहमीचं लिहा. संध्याकाळी गुडघा सकाळपेक्षा जास्त सुजतो, पाय उंच करून पडल्यावर उतरतो. गुडघा हाताला गरम लागतो, आणि हे बरेच आठवडे चालतं. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला चामडी बधिर वाटते. चालताना आत टकटक आवाज येतो, तो नव्या सांध्याच्या भागांचा असतो. व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं, तर व्यायाम तसाच चालू ठेवायचा. सकाळीही कमी झालं नाही, तर त्या दिवशी वेळा तेवढ्याच ठेवून दहाच्या जागी पाच करायचे, पूर्ण बंद करायचं नाही. एवढं लिहिलं तरी निम्मी भीती जाते, आणि खऱ्या धोक्याकडे लक्ष द्यायला जागा होते.

त्यानंतर, त्याच दिवशी दवाखान्यात यायच्या गोष्टी. टाक्यांतून पाणी किंवा पू येतोय, लाली पसरत चाललीय. ताप १०० च्या वर जाऊन उतरत नाही. पंजा वर उचलताच येत नाही, लोंबतो. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर गुडघ्यात काही तुटल्यासारखं वाटलं आणि आता पाय सरळ उचलताच येत नाही, जो काल येत होता. आणि पोटरी: एका पायाची पोटरी सुजली, दाबल्यावर दुखते, गरम लागते, आणि पाय उंच करून पडल्यावरही सूज उतरत नाही.

पोटरीपाशी जरा थांबते. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि तिची पहिली खूण बरेचदा हीच असते. आपल्या घरात पोटरी दुखली की काय करतात? तेल कोमट करून चोळतात. सून चोळते, नात चोळते, गावात चांगली मालिश करणारा कुणी असेल तर त्याला बोलावतात. गाठ असलेल्या पायाला मालिश झाली तर ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मावशींची पोटरी ठीक होती, पण खिडकीत तेलाची वाटी होती आणि रोज रात्री पाय चोळले जात होते. आपल्या एकाही छापील कागदावर मालिशबद्दल शब्द नसतो, कारण हे कागद ज्या पुस्तकांवरून उतरवले गेले त्यांच्या गावी तेलाची वाटी नसते. तेव्हा मोठ्या अक्षरांत लिहा: "ऑपरेशन झालेल्या पायाची पोटरी कुणीही चोळायची नाही. तेल लावायचं नाही. पोटरी सुजून दुखत असेल तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात या. रक्त पातळ होण्याची गोळी दिली असेल तर स्वतःहून बंद करू नका."

आणि शेवटी, वाट न बघण्याची गोष्ट, वेगळ्या चौकटीत: "अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडायला झालं: लगेच १०८ ला फोन करा. फिजिओला किंवा डॉक्टरांना विचारत बसू नका." हे दुसरं वाक्य मुद्दाम लिहा. आपल्याकडची माणसं भली असतात, आधी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावतात, फोन लागला नाही तर पुन्हा लावतात. त्यात वेळ जातो.

असा कागद लिहून झाला तरी तो छापायला टाकू नका. आधी एका पेशंटसमोर तपासा. आपण नेहमी विचारतो, "समजलं का?" आणि उत्तर येतं, "हो हो, समजलं." मराठवाड्यात कुठलाही वडीलधारा माणूस शिकल्यासवरलेल्या मुलीला तोंडावर "नाही समजलं" म्हणणार नाही. त्यापेक्षा कागद घरात जो वाचणार आहे त्याच्या हातात द्या. बहुधा तो नातू किंवा नात असते, क्वचित सून. त्याला मोठ्याने वाचायला सांगा, पेशंटला ऐकून करायला सांगा, आणि स्वतः गप्प बसा. मदत करू नका, मान हलवू नका, हाताने खूण करू नका. जिथे पेशंट थांबतो, जिथे वाचणारा अडखळतो, जिथे हात गुडघ्यावर जातो, ती ओळ अजून झालेली नाही. धोक्यांसाठी असं विचारा: "मावशी, परवा पोटरी दुखायला लागली तर तुम्ही काय करणार, सांगा बरं." मावशींनी पहिल्यांदा मला "तेल लावीन" असंच सांगितलं. कागद दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाल्या, "चोळायचं न्हाई, मुलाला गाडी काढ म्हणायचं." तेव्हा ती ओळ झाली.

चित्रांबद्दल थोडकंच. फोटोपेक्षा साधं रेषाचित्र बरं, कारण फोटोत गादी, पडदा, साडी सगळंच दिसतं. पण एका व्यायामाला दोन चित्रं हवीत, सुरुवातीचं आणि शेवटचं. आपल्याकडे एकच चित्र असतं आणि त्यावर दुतोंडी बाण. त्या बाणावरून पाय आधी वर न्यायचा की खाली, हे कुणालाच कळत नाही.

कागदाच्या डोक्यावर पेशंटचं नाव, कुठला पाय, कुठलं ऑपरेशन आणि कुठल्या तारखेपर्यंत हा कागद चालेल, एवढं हाताने लिहा. तारीख नसली की माणसं वर्षभर पंजाच हलवत राहतात, पुढचे व्यायाम सुरूच होत नाहीत. नाव नसलं की तोच कागद शेजारच्या काकांकडे जातो, ज्यांचा गुडघा बदललेला नसतो, तर वाटीचं हाड मोडून तारेने बांधलेलं असतं. अशा गुडघ्याला यातले काही व्यायाम त्या वेळी घातकच.

कागदाला मर्यादा आहेत. ज्यांना ऑपरेशनच्या आधीपासून विसराळूपणा आहे, ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन एकाच वेळी झालंय, ज्यांच्या घरी दिवसभर कुणी नसतं, त्यांना कितीही चांगला कागद पुरत नाही. तिथे कुणीतरी जायलाच हवं. दोन आठवड्यांनी गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल किंवा मागे मूठ जाईल इतका वाकडा राहत असेल, तर तिथेही कागद बाजूला ठेवून पेशंटला बोलवा. पलंगाच्या कडेवर बसून पाय खाली सोडला की नडगी सरळ खाली लोंबते का, एवढं घरचा माणूसही बघून फोनवर सांगू शकतो.

माझ्या तीन मागण्या आहेत. विभागप्रमुखांनी आपल्या दवाखान्यातला गुडघ्याचा कागद या महिन्यात काढून एका पेशंटकडून आणि त्याच्या घरच्या वाचणाऱ्याकडून वर सांगितल्याप्रमाणे तपासून घ्यावा. कॉलेजांतल्या शिक्षकांनी इंटर्नशिपच्या मुलांना एक व्यायाम मराठीत लिहायला द्यावा, आणि वर्गात नव्हे, वॉर्डात नेऊन तो पेशंटने करून दाखवला तरच पास म्हणावं. आणि ज्या सहकाऱ्यांकडे असा तपासलेला कागद आहे, मग तो खांद्याचा असो, कमरेचा असो की लकव्याचा, त्यांनी तो इतरांना द्यावा. माझा गुडघ्याचा कागद कुणीही घ्यावा, बदलावा, स्वतःच्या दवाखान्याच्या नावाने छापावा. फक्त खाली जो फोन नंबर छापाल, तो दुपारी दोन ते पाच या वेळेतही कुणीतरी उचलेल असा द्या. गावाकडची माणसं त्याच वेळेला मोकळी असतात आणि फोन करतात.

आपली,
लातूर आणि धाराशिव भागात घरोघरी जाऊन व्यायाम देणारी एक फिजिओथेरपिस्ट